नळाचा दर ठरवण्याआधी प्रश्न नीट विचारा: पाणी सर्वेक्षण करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील गावांत चोवीस तास पाण्याच्या नव्या सेवेसाठी घरोघरी सर्वेक्षण करणारे अधिकारी आणि त्यांचे सल्लागार यांस,

स.न.वि.वि.

आमच्या डिचोली तालुक्यातल्या वाड्यावर जी प्रश्नावली फिरली, तिच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे: "तुमच्या घरी चोवीस तास पुरेशा दाबाने पाणी मिळाले, तर त्यासाठी दरमहा जास्तीत जास्त किती रुपये द्यायला तुम्ही तयार आहात?" आधीच्या पानांवर घरात माणसे किती, टाकी केवढी, विहीर आहे का, अशी चौकशी आहे. ती ठीक आहे. पण दर ठरवताना तुम्ही बघणार आहात तो या शेवटच्या प्रश्नाचा आकडा. नोकरीची बरीच वर्षे अशा घरोघरच्या पाहण्यांचे आकडे तपासण्यात गेल्यामुळे सांगतो, की या प्रश्नाला येणारे उत्तर दर ठरवायच्या कामाचे नाही. लोक लबाड आहेत असे माझे म्हणणे नाही. विचारले ते त्यांनी सांगितले. दोष प्रश्नात आहे.

सर्वेक्षण करणारा तुमचा मुलगा आमच्या शेजारच्या घरी आला तेव्हा मी तिथेच सोप्यावर बसलो होतो. मुलगा नम्र होता, हातात टॅब होता, सोबत आमचे पंच होते. वहिनींनी दोघांना कोकम सरबत दिले. शेवटचा प्रश्न आला तसे त्यांनी एकदा पंचांकडे बघितले आणि म्हणाल्या, "दोनशे-तीनशे लिही रे." मुलाने विचारले, "तीनशे लिहू?" "लिही." एवढ्यात काम आटोपले. दोघे फाटकाबाहेर पडल्यावर वहिनींनी मला विचारले, "भाऊ, हे तीनशे आत्ताच्या बिलात धरून की वर?" मला ते ठाऊक नव्हते. मुलालाही असणार नाही, कारण प्रश्नावलीत तसे काही लिहिलेलेच नाही. नव्या जोडणीसाठी आधी काही रक्कम भरायची आहे का, मीटर कोणाचा, एकदा चोवीस तास पाणी आल्यावर उन्हाळ्यात टँकर मिळणार की बंद होणार, हेही नाही. वहिनींच्या घरी जमिनीखाली सिमेंटची टाकी आहे, पंप आहे, गच्चीवर काळी टाकी आहे. नळाला दोन तास पाणी आले तरी त्यांचे भागते. चोवीस तासांच्या पाण्याने त्यांच्या घरात फरक पडेल तो एवढाच, की पंपाची वीज वाचेल. समोरच्या घरी जमिनीखालची टाकी नाही. तिथे पहाटे पाणी येते तेव्हा उठून पिंपे भरावी लागतात. नव्या सेवेची खरी गरज आहे ती त्यांना. त्यांनी मात्र सांगितले, "शंभर." तुमच्या तक्त्यात तीनशे आणि शंभर शेजारी-शेजारी बसतील आणि सरासरी निघेल दोनशे.

तोंडाने सांगितलेली रक्कम आणि प्रत्यक्षात खिशातून निघणारी रक्कम यांतल्या तफावतीला अभ्यासक 'हायपोथेटिकल बायस' म्हणतात. या पत्रात मी तिला तोंडी फुगवटा म्हणेन. तो येतो कुठून, हे सोपे आहे. उत्तर देणाऱ्याला काही सोडावे लागत नाही. तीनशे म्हटल्याने चतुर्थीच्या खर्चातून तीनशे कमी होत नाहीत, मुलाच्या शिकवणीची फी अडत नाही. उलट आलेल्या माणसाचे मन राखले जाते, पंचांसमोर आपण हात आखडत नाही हे दिसते, आणि कुणी सांगावे, आकडा मोठा दिसला तर योजना आधी आपल्याच वाड्यावर येईल. ही सगळी कारणे एकाच दिशेने ओढतात, वरच्या.

हा फुगवटा केवढा असतो, याचे सर्वांना लागू पडेल असे एक माप नाही. तुमच्या सल्लागारांनी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत, कारण दोन्ही पाण्याचीच आहेत आणि दोन्हींत सांगितलेले आणि केलेले ताडून बघितले आहे.

पहिले आपल्या जवळचे, केरळचे. तिथल्या घरांना 1988 साली विचारले, की नळयोजना आली तर अमुक दराने तुम्ही जोडणी घ्याल का. मग 1991 साली अभ्यासक त्याच कुटुंबांकडे परत गेले आणि कुणी जोडणी घेतली, कुणी नाही, ते बघितले. आधीची उत्तरे आणि नंतरची वागणूक बऱ्यापैकी जुळली. आणि गोव्यासारखाच तोही विहिरींचा, मुसळधार पावसाचा प्रदेश.

दुसरे पश्चिम केनियातले. तिथे गावातले उघडे झरे सिमेंटने बांधून घेतले, जेणेकरून पाणी दूषित होऊ नये. मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली त्याचा हिशेब मांडला. लोकांना त्या स्वच्छ पाण्याची किंमत तोंडी विचारली. शिवाय बांधलेल्या झऱ्यापर्यंत जास्त चालून जायला लोक खरोखर किती तयार होतात हे मोजून, त्या चालण्यातून किंमत काढली. पायांनी सांगितलेली किंमत तोंडाने सांगितलेल्या किमतीपेक्षा फार कमी निघाली. याच क्रेमर यांना पुढे 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग केरळात जुळले आणि केनियात का फसले? माझे वाचन असे आहे. केरळात प्रश्न होता तो लोकांच्या ओळखीच्या निर्णयाचा. नळाची जोडणी म्हणजे काय, बिल कसे येते, हे आजूबाजूला बघितलेले होते. दर ठरलेला सांगितला होता आणि उत्तर 'घेईन' किंवा 'घेणार नाही' एवढेच द्यायचे होते. केनियात जे विकत घ्यायचे ते डोळ्यांना दिसत नव्हते. झऱ्याचे पाणी आधीही वाहत होते, नंतरही वाहतच राहिले. बदलली ती त्याची शुद्धता, आणि शुद्धता चवीला लागत नाही. आपला प्रश्न या दोहोंच्या मधोमध कुठेतरी बसतो. नळ आपल्याला नवा नाही. गोव्याला 2022 साली 'हर घर जल' प्रमाणित पहिले राज्य म्हणून जाहीर केले गेले, तेव्हा नळ गावोगावी पोहोचलाच आहे. विकायचे आहेत ते तास आणि दाब. ज्याने रात्री दोन वाजता नळ उघडून कधी पाणी बघितलेले नाही, त्याला त्याची किंमत विचारून उत्तर अंदाजाचेच मिळणार.

तेव्हा केरळाच्या बाजूला सरकायचे असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे "जास्तीत जास्त किती" हा प्रश्न काढून टाका. बाजारात गेल्यावर मासेवाली बांगड्याचा भाव सांगते. आपण घेतो किंवा पुढे जातो. "या बांगड्यासाठी तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल?" असे ती विचारत नाही. किंमत समोरून आली की माणूस आपसूक हिशेब करतो. अमेरिकेतही हाच निष्कर्ष निघाला होता. अलास्कात 1989 साली एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडले, तेव्हा निसर्गाच्या नुकसानीची किंमत लोकांना विचारून काढता येते का, यावर वाद पेटला. तिथल्या सागरी आणि हवामान प्रशासनाने केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने 1993 साली सांगितले, की आकडा मागू नका, ठरावीक रक्कम सांगून हो की नाही विचारा, आणि उत्तर देणाऱ्याला त्याच्या बाकीच्या खर्चांची आठवण करून द्या.

ठरावीक रक्कम म्हणजे सगळ्यांना एकच रक्कम नव्हे. घरे चिठ्ठ्या टाकून चार गटांत वाटा आणि प्रत्येक गटाला वेगळा दर सांगा. कुणाला कुठला दर, ते मुलाखत घेणाऱ्याने ठरवायचे नाही. बंगला बघून पाचशे आणि कौलारू घर बघून शंभर असे झाले, की सगळे मुसळ केरात. आणि एका घराला एकच दर. दोनशेला हो म्हटले म्हणून लगेच "मग तीनशे?" अशी घासाघीस केली, की समोरच्याला वाटते किंमत अजून ठरलेलीच नाही, आणि तो उत्तर द्यायचे सोडून सौदा करू लागतो.

आता हिशेब करून दाखवतो. आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्याही गावाचे नाहीत. समजा चारशे घरांना विचारले, दर गटात शंभर घरे, दर महिन्याला शंभर, दोनशे, तीनशे आणि पाचशे रुपये. हो म्हणणारे आले 84, 66, 51 आणि 38. योजना हजार घरांची आहे असे धरा. शंभर रुपये दर ठेवला तर 840 घरे येतील, महिन्याला 84,000 रुपये जमतील. दोनशेला 1,32,000. तीनशेला 1,53,000. पाचशेला 380 घरे, म्हणजे 1,90,000. कागदावर निष्कर्ष सरळ आहे: दर जितका जास्त तितकी वसुली जास्त, पाचशे ठेवा.

इथेच थांबून शंका यायला हवी. पाचशे रुपयांना शंभरातली अडतीस घरे हो म्हणतात, तर सातशेला किती म्हणतील? हजाराला? कुठल्याही दराला तीसेक टक्के लोक मान डोलवत असतील, तर त्यांनी दर ऐकलेलाच नाही. ते प्रश्नाला हो म्हणत नसून माणसाला हो म्हणत आहेत. म्हणून वरचा दर असा निवडायचा, की शंभरातली पाच-दहाच घरे हो म्हणतील, आणि खालचा असा, की बहुतेक सगळी हो म्हणतील. मोठ्या पाहणीआधी तीस-चाळीस घरांत चाचणी घेतली, की हा पल्ला कळतो. वरच्या टोकाला नकार मिळत नसतील तर पुढे जाऊ नका. एक तर दर कमी पडला आहे, नाही तर मुलाखतीची पद्धत बिघडली आहे. मुलाखत घेणाऱ्यांगणिक हो म्हणणाऱ्यांचे प्रमाण काढून बघा. दर चिठ्ठ्यांनी वाटलेले असताना एकाच मुलाच्या यादीत होकार भरमसाट असतील, तर बहुधा तो उत्तर तोंडात घालतो आहे किंवा पंचांना सोबत नेतो आहे.

मग हो म्हणणाऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारायचा: "उद्याच असे बिल यायला लागले तर तुम्ही नक्की भराल, की बहुतेक भराल?" आणि 'नक्की' म्हणणाऱ्यांनाच हो धरायचे. 'बहुतेक' हे नाही धरायचे. ऐकायला हे क्रूर वाटते, पण ज्या अभ्यासांत तोंडी उत्तर आणि प्रत्यक्ष खरेदी दोन्ही मोजली, त्यांतल्या काहींत ही साधी चाळणी फुगवटा बराच खाली आणते असे दिसले आहे. आपल्या उदाहरणात समजा 'नक्की' म्हणणारे उरले 70, 46, 25 आणि 9. आता हजार घरांचा हिशेब पुन्हा मांडा. शंभरला 70,000 रुपये. दोनशेला 92,000. तीनशेला 75,000. पाचशेला 45,000. सगळ्यात जास्त वसुली दोनशेला होते आणि त्यापुढे उतरते. पहिल्या तक्त्यावर विसंबून पाचशे ठेवले असते तर 1,90,000 अपेक्षून 45,000 हातात आले असते. योजनेचा महिन्याचा खर्च 1,20,000 असेल, तर कुठल्याच दराला तो भरून निघत नाही. तेवढे अनुदान लागणार, हे आधीच कळलेले बरे. नाही तर पंप चालवणाऱ्याचा पगार थकतो, गळती दुरुस्त होत नाही, चोवीस तासांचे सहा तास होतात आणि ज्या नव्वद घरांनी खरोखर पाचशे भरले तीही बिल भरायचे थांबतात.

सरासरीच्या बाबतीतही हेच होते. पहिल्या तक्त्यातून, प्रत्येक घराची तयारी या चारांपैकी ते मान्य करील अशा सर्वांत वरच्या दराएवढीच धरून, सरासरी काढली तर ती येते 277 रुपये. त्यातले 190 रुपये एकट्या पाचशेवाल्या अडतीस घरांचे आहेत. चाळणीनंतर तीच सरासरी 159 होते. म्हणजे अहवालात तुम्ही छापणार तो आकडा बहुतांशी त्या लोकांवर उभा असतो, ज्यांच्यावर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा. अहवालात नुसती सरासरी दिसली, की मी आधी वरच्या दराचे होकार शोधतो.

आता प्रश्न कसा विचारावा, ते बोलीत लिहून देतो. तुम्हाला हवा तसा बदला. "ताई, आत्ता तुमच्या नळाला पाणी किती वेळ येते ते तुम्ही सांगितलेत. नवी सेवा अशी आहे: दिवसरात्र कधीही नळ उघडला तरी पाणी येईल, पंप न लावता गच्चीवरच्या टाकीत चढेल. जोडणीसाठी एकदाच अमुक रक्कम, ती बारा हप्त्यांत बिलातून. महिन्याचे बिल दोनशे रुपये, आत्ताचे बिल बंद होऊन त्याच्या जागी हे. तुम्ही घेतली नाही, तर आत्ताचे पाणी आत्ता येते तसेच येत राहील. आम्ही असे विचारतो तेव्हा पुष्कळ जण हो म्हणतात आणि बिल आल्यावर त्यांना ते जड जाते. महिन्याला विजेचे बिल, गॅस, शाळा, औषधे सगळे भागवून हे दोनशे कुठून काढाल, ते मनात बघा. नको म्हटलेत तरी काही बिघडत नाही. घ्याल का?"

यातले "आत्ताचे पाणी तसेच येत राहील" हे वाक्य गाळू नका. ते नसेल तर माणसाला वाटते, नाही म्हटले तर आहे तो नळही जाईल, आणि भीतीने हो म्हणतो. हप्त्यांचे वाक्यही तसेच. एकरकमी जोडणी शुल्कापाशी अडणारी घरे महिन्याच्या बिलापाशी अडणाऱ्या घरांहून वेगळी असतात. पण "पुष्कळ जण हो म्हणतात" हा इशारा सरसकट वापरू नका. तो कधी लागू पडतो, कधी अजिबात नाही, आणि कधी लोक त्यातून "म्हणजे नाही म्हणायचे तर" असा अर्थ काढतात. अर्ध्या घरांना इशाऱ्यासह विचारा, अर्ध्यांना त्याशिवाय, आणि दोन्हींतला फरक अहवालात दाखवा.

शक्य असेल तिथे उत्तर त्याच दिवशी घेऊ नका. नायजेरियात डेल व्हिटिंग्टन आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्याच एका पाहणीत काही घरांना विचार करायला एक रात्र दिली. निष्कर्ष 1992 साली प्रसिद्ध झाला: ज्यांना वेळ मिळाला त्यांनी कमी किंमत सांगितली. आपल्याकडे तर याची जास्तच गरज आहे. दुपारी दारात असते ती घरातली बाई किंवा म्हातारा माणूस. पैसे पाठवतो तो बोटीवर किंवा आखातात असतो आणि फोनवर रात्री भेटतो. कुळागराच्या कडेचे कुलूपबंद घर मुंबईला राहणाऱ्याचे असते, आणि किल्ली सांभाळणारा शेजारी दुसऱ्याच्या पैशाला उदार असतो. त्या घरांची उत्तरे वेगळी ठेवा.

फुगवटा वरच जातो असेही नाही, आणि गोव्यात ही दुसरी बाजू ठळक आहे. घरगुती वापराला महिन्याला 16,000 लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची घोषणा 2021 साली झाली, ती लोक विसरलेले नाहीत. दारात आलेला माणूस पाण्याची किंमत विचारू लागला, की बऱ्याच जणांना त्यात दरवाढीची चाहूल लागते आणि ते मुद्दाम शून्य सांगतात. वाड्यावरच्या एका काकांनी तुमच्या मुलाला सांगितले, "साळावलीचं धरण कुणाच्या पैशातून झालं ते आधी सांग." हे शून्य निषेधाचे आहे. दुसऱ्या घरी विहीर बारमाही आहे, मे महिन्यातही तळ दिसत नाही. त्यांचे शून्य खरे आहे, त्यांना सेवा नकोच आहे. तिसऱ्या घराला घेण्याची इच्छा आहे, पण घर मुंडकाराचे, कागद भाटकाराच्या नावावर आणि दोघांत बोलणे नाही. जोडणीचा अर्ज कुणाच्या सहीने करायचा, या विचाराने ते नाही म्हणतात. हे तीन नकार एकाच रकान्यात टाकले तर त्यांचा काही अर्थ लागत नाही. पहिल्यांना दराचा हिशेब दाखवावा लागेल, दुसऱ्यांना सोडून द्यावे लागेल, तिसऱ्यांसाठी नियम बदलावा लागेल. नाही म्हणणाऱ्याला "का?" एवढेच विचारा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. टॅबवर चार पर्याय दाखवून टिक मारायला लावू नका.

आणि महिना बघा. तुमचा मुलगा आला तेव्हा मे संपत आला होता, विहिरी खरवडल्या जात होत्या, टँकरची वाट बघणे चालू होते. त्याच दारात ऑगस्टमध्ये जा, अंगणात पाणी साचलेले असेल आणि तेच घर अर्धा दर सांगेल. बिल मात्र बाराही महिने येणार आहे. निम्मी घरे मे महिन्यात आणि निम्मी पावसाळ्यानंतर घेतली तर हा फरक मोजता येईल. दोन फेऱ्यांचा खर्च परवडत नसेल तर निदान कुठल्या महिन्यात विचारले ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.

उत्तरे खरी वाटतात की नाही, हे पारखायला आणखी एक साधन तुमच्या प्रश्नावलीत आधीपासूनच आहे, फक्त ते वापरलेले दिसत नाही. टँकरला किती दिले, पंपाची वीज किती, टाकीला किती खर्च आला, हे तुम्ही विचारले आहे. हा खर्च लोकांनी खरोखर केलेला आहे. टँकरवर उन्हाळ्यात हजारो रुपये घालणारी घरे आणि एक पैसाही न घालणारी घरे जर सारख्याच प्रमाणात हो म्हणत असतील, तर त्या होकारांत पाण्याची गरज कुठेच नाही. मात्र टँकरचा खर्च म्हणजे नव्या सेवेसाठी देण्याची तयारी, असे सरळ धरू नका. लग्नघरी टँकर आणणारा माणूस तो खर्च दर महिन्याला करणार नाही. आणि ज्याने टाकी, पंप यांवर पैसे घालून झाले आहेत त्याचे ते पैसे गेले. नव्या सेवेने ते परत येत नाहीत. वहिनींचे तीनशे मला म्हणूनच पटत नाहीत.

एवढे करूनही तोंडी उत्तर तोंडीच राहते. म्हणून माझी शेवटची मागणी. सगळ्या तालुक्याचा दर ठरवण्याआधी एक-दोन वाड्यांत खरी नोंदणी करून बघा. ज्यांनी 'नक्की' म्हटले त्यांच्याकडे महिनाभराने जोडणीचा छापील अर्ज घेऊन जा, दर आणि हप्ते लिहिलेले, सोबत पाचशे रुपये अनामत. सेवा ठरलेल्या तारखेला सुरू झाली नाही तर अनामत परत मिळेल, हे अर्जावर छापा. शंभर 'नक्की'पैकी किती घरे पैसे भरतात ते मोजा. ऐंशी भरली तर तुमची प्रश्नावली चांगली आहे आणि बाकीच्या गावांचे आकडे त्या प्रमाणात खाली आणून वापरता येतील. तीस भरली तर बाकीचा तालुका फिरू नका, आधी प्रश्नावली दुरुस्त करा. या मापालाही मर्यादा आहे. अनामत न भरणाऱ्यांत काही जण असे असतील ज्यांना सेवा हवी आहे, पण आजवर सरकारदरबारी भरलेली अनामत कधी परत मिळाल्याचे आठवत नाही. त्यांनाही "का?" विचारा.

अहवाल तयार झाला की ग्रामसभेत ठेवा. सोबत तीन गोष्टी असाव्यात: विचारलेल्या प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे, प्रत्येक दराला हो, नक्की हो आणि नाही म्हणणाऱ्यांची संख्या, आणि नकारांची कारणे. चाचणी मुलाखतींसाठी घरे हवी असतील तर आमच्या वाड्यावरची सात-आठ मी जमवून देईन. पंचांना मात्र त्या दिवशी घरीच राहू द्या.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक नळधारक